बयाणा परत मागताना

सार्वजनिक बांधकाम विभागाची निविदा भरताना ठेकेदार दोन रकमा भरतो. एक निविदा शुल्क. ते परत मिळत नाही, त्याचा विचार सोडून द्यावा. दुसरी बयाणा रक्कम, काही कार्यालयांत तिला इसारा रक्कमही म्हणतात. ती विभागाकडे नुसती सांभाळायला दिलेली असते. ठेकेदारानं दर भरून माघार घेऊ नये, काम मिळाल्यावर करारनामा करायचं टाळू नये, एवढ्यासाठीच ती घेतात. निविदा नाकारली किंवा रद्द झाली की ती ठेवून घ्यायचं कारण संपतं. तरीही ती महिनोन्‌महिने अडकते, आणि लहान ठेकेदार एका वेळी चार-सहा निविदा भरत असेल तर खेळतं भांडवलच त्यात गोठतं.

‘साहेब, आमची रक्कम परत मिळावी ही विनंती’ अशा एका ओळीच्या अर्जानं सहसा काही हलत नाही. त्यामागे दर वेळी कुणाची वाईट नियत असते असं नाही. पैसा नेमका कुठं आहे आणि कोणती पायरी राहिली आहे, हे अर्जात नसतं. ते शोधायचं काम लिपिकावर पडतं आणि अर्ज फाइलीत जातो. म्हणून अर्ज लिहिण्याआधी ठेकेदारानं स्वतः पैशाचा माग काढायला हवा.

बयाणा धनाकर्षानं दिला असेल आणि विभागानं तो वटवला असेल, तर रक्कम विभागाच्या ठेवींच्या हिशेबात जमा असते. ती परत द्यायला लेखा शाखेत टिपणी, मंजुरी आणि देयक लागतं. मुदत ठेवीची पावती कार्यकारी अभियंत्यांच्या नावे तारण दिली असेल, तर पैसा तुमच्याच बँकेत असतो. तिथं हवी असते मूळ पावती आणि तारण मोकळं केल्याचं बँकेच्या नावाचं पत्र. दोन्ही मागावीत, एकट्या पावतीवर बँक पैसे देत नाही.

आता बहुतेक मोठ्या निविदा mahatenders.gov.in वर निघतात आणि बयाणा ऑनलाइन भरला जातो. इथंच सर्वांत जास्त गैरसमज होतो. ठेकेदाराला वाटतं पैसे विभागानं घेतले, आणि विभागातला लेखा लिपिक आपली रोकडवही उघडून सांगतो की आमच्याकडे असं काही जमाच नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. ऑनलाइन भरलेली रक्कम निविदेचा निकाल लागेपर्यंत बँकेच्या एका सामायिक खात्यात थांबते. निविदा उघडणारे अधिकारी आपल्या डिजिटल स्वाक्षरीनं पोर्टलवर पुढचा टप्पा नोंदवतात, तेव्हा कुणाचे पैसे परत जायचे याची माहिती बँकेला मिळते आणि ज्या खात्यातून भरणा झाला त्याच खात्यात रक्कम परत येते. टप्पा नोंदवलाच नाही तर बँक स्वतःहून काही करत नाही. कागदावर निविदा रद्द होते, पोर्टलवर मात्र ती जिवंत राहते.

एक उदाहरण घेऊ. एका जिल्ह्यातल्या शासकीय वसतिगृहाच्या दुरुस्तीची निविदा, अंदाजित किंमत 18,40,000 रुपये, बयाणा 1 टक्का म्हणजे 18,400 रुपये, दर ग्राह्य राहण्याची मुदत 120 दिवस. तांत्रिक लिफाफा 12 फेब्रुवारी 2024 ला उघडला, आणि मुदत त्या दिवसापासून मोजायची होती. पुढं दरांचा लिफाफाही उघडला आणि आपला ठेकेदार दुसऱ्या क्रमांकावर आला. दुसऱ्याचा बयाणा अनेक कार्यालयं लगेच सोडत नाहीत. पहिल्यानं करारनामा केला नाही तर काय, हा विचार त्यामागे असतो आणि तो रास्त आहे. 16 मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि कार्यारंभ आदेश थांबला. 11 जूनला 120 दिवस संपले. 20 जूनला विभागानं निविदा रद्द केल्याचं पत्र पाठवलं, नवं अंदाजपत्रक करून फेरनिविदा काढायची म्हणून. ऑगस्ट संपला तरी 18,400 रुपये आले नव्हते.

ठेकेदारानं पोर्टलवर निविदेची स्थिती पाहिली. रद्द झाल्याची नोंदच नव्हती, निविदा दरांच्या लिफाफ्याच्या टप्प्यावरच उभी होती. पैसा का अडकला हे एवढ्यावरून कळतं. त्यानं त्या पानाची छापील प्रत काढली, बँकेच्या पासबुकातली भरण्याची नोंद आणि व्यवहार क्रमांक घेतला आणि मग अर्ज लिहिला. तो असा:

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
सार्वजनिक बांधकाम विभाग, …

विषय: रद्द झालेल्या निविदेची बयाणा रक्कम रु. 18,400/- परत मिळण्याबाबत.

संदर्भ: 1) निविदा सूचना क्र. …, निविदा आयडी …
2) आपले निविदा रद्द केल्याचे पत्र क्र. …, दि. 20 जून 2024

महोदय,

संदर्भ 1 च्या निविदेसाठी आम्ही रु. 18,400/- (अक्षरी रुपये अठरा हजार चारशे फक्त) एवढी बयाणा रक्कम दि. … रोजी ऑनलाइन भरली. व्यवहार क्र. …. संदर्भ 2 नुसार निविदा रद्द झाली आहे. आमच्या दराची 120 दिवसांची मुदतही दि. 11 जून 2024 रोजी संपली असून ती वाढवून देण्यास आम्ही संमती दिलेली नाही.

दि. 2 सप्टेंबर 2024 रोजी पोर्टलवर पाहिले असता निविदा रद्द झाल्याची नोंद दिसत नाही. त्यामुळे रक्कम बँकेकडून परत आलेली नाही. कृपया पोर्टलवर निविदा रद्द झाल्याची नोंद करून परताव्याची कार्यवाही पूर्ण करावी व तसे आम्हास कळवावे. ज्या खात्यातून भरणा केला ते खाते चालू आहे.

सोबत: निविदा रद्द झाल्याच्या पत्राची प्रत, भरण्याची पावती, पासबुकातील नोंद, पोर्टलवरील स्थितीची छापील प्रत.

आपला विश्वासू,

या अर्जात धनादेश मागितलेला नाही. धनादेश मागितला असता तर अर्ज लेखा शाखेत गेला असता आणि ‘रक्कम जमा नाही’ असा शेरा घेऊन परत आला असता. इथं मागणी निविदा शाखेच्या एका नोंदीची आहे, आणि ती नोंद कुणी करायची हे कार्यकारी अभियंत्यांना वाचताक्षणी कळतं. तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक हे सगळं समोर असल्यानं लिपिकाला टिपणी लिहायला दुसरी फाइल उघडावी लागत नाही. अर्ज आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायचा. पुढचं सगळं या शिक्क्यावरून मोजलं जातं.

खात्याबद्दलचं वाक्यही उगाच नाही. घाईत कधी भावाच्या, कधी भागीदाराच्या खात्यातून बयाणा भरला जातो. परतावा त्याच खात्यात जातो, निविदा कुणाच्या नावे होती याच्याशी बँकेला कर्तव्य नसतं. ते खातं मधल्या काळात बंद झालं असेल तर परतावा फिरून मागं जातो, आणि मग विभागाचं पत्र घेऊन बँकेच्या दारात उभं राहावं लागतं. अशा वेळी खातं बंद झाल्याचा बँकेचा दाखला अर्जासोबतच जोडावा.

आता शब्दांची सावधगिरी, आणि ती फार महत्त्वाची आहे. हाच ठेकेदार मे महिन्यात कंटाळून ‘आम्ही निविदा मागे घेत आहोत, बयाणा परत करावा’ असं लिहिता तर 18,400 रुपये गमावून बसला असता. दराची मुदत चालू असताना माघार घेतली तर बयाणा जप्त करायचा अधिकार निविदेच्या अटींतच विभागाला दिलेला असतो. सर्वोच्च न्यायालयानंही 2003 मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या एका प्रकरणात अशी जप्ती योग्य ठरवली. म्हणून मुदत संपेपर्यंत फक्त निकालाची विचारणा करावी. मधे विभागानं मुदतवाढीचं पत्र पाठवलं तर नकार देता येतो. त्या नकारासाठी बयाणा जप्त व्हायला नको, पण तो नकार लेखी आणि जुनी मुदत संपायच्या आत दिलेला असावा. गप्प राहणं धोक्याचं, कारण गप्प राहण्याचा अर्थ पुढं कुणीही आपल्या सोयीनं लावतो.

तांत्रिक लिफाफ्यातच नाकारलेल्यांची बाजू याहून सोपी आहे. त्यांच्या दराचा पुढं उपयोगच नसतो, म्हणून अंतिम निकालाची वाट पाहायला सांगणं चुकीचं आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 170 सांगतो की दोन लिफाफ्यांच्या निविदेत पहिल्या टप्प्यावर बाद झालेल्यांचा बयाणा त्या टप्प्याच्या निकालापासून 30 दिवसांत परत करावा. हा नियम केंद्राच्या कार्यालयांना बांधील आहे. राज्याच्या विभागाला लिहिताना त्याचा आधार न घेता निविदा पुस्तिकेतलं बयाणा परतीचं कलम शोधून त्याचाच क्रमांक लिहावा. आपलीच अट समोर आली की विभागाला ती नाकारता येत नाही. त्याच पुस्तिकेत बहुधा बयाण्यावर व्याज मिळणार नाही असंही असतं, त्यामुळे पहिल्याच अर्जात व्याजाची मागणी घालून वाद वाढवू नये.

अर्जाला उत्तर आलं नाही तर? महाराष्ट्रात शासकीय कामातला विलंब रोखणारा 2005 चा कायदा आहे, बोलीभाषेत दफ्तर दिरंगाईचा कायदा. त्याच्या कलम 10 नुसार कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नाही अशा फाइलीवर 45 दिवसांत निर्णय व्हायला हवा. स्मरणपत्रात आवक क्रमांक, तारीख आणि हे कलम लिहून प्रत अधीक्षक अभियंत्यांना द्यावी. तरीही शांतता असेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्यात ‘पैसे का दिले नाहीत’ असं विचारू नये, कारण कारणं सांगायला माहिती अधिकारी बांधील नसतो. आपल्या अर्जावरच्या टिपणीची प्रत मागावी आणि पोर्टलवर निविदा रद्द केल्याच्या नोंदीची प्रत मागावी. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि अशी नोंदच नाही असं लेखी देण्यापेक्षा ती करून टाकणं कार्यालयाला सोपं जातं.

धनाकर्षानं भरलेल्या जुन्या रकमांचं मात्र वेगळं आहे. बांधकाम विभागाच्या हिशेबात पूर्ण तीन लेखा वर्षांहून अधिक काळ कुणी न मागितलेली ठेव 31 मार्चला व्यपगत म्हणून शासनाच्या जमेत वळवली जाते. तशी ती वळली तरी मागता येते, पण मग कार्यकारी अभियंत्यांच्या सहीवर काम भागत नाही, मंजुरी वरून आणावी लागते. शिवाय पैशाच्या वसुलीचा दावा करायची सर्वसाधारण मुदतही तीन वर्षांचीच आहे. म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत आपल्या जुन्या निविदांची वही काढून कुठला बयाणा अजून आला नाही ते पाहावं, आणि जो तिसऱ्या वर्षाकडे निघाला असेल त्याचा अर्ज मार्च उजाडायच्या आत आवक शाखेत पोचवावा.