एक युनिट वीज नेमकी कितीला पडते?

महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती वीजदराचे चार टप्पे आहेत: 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढे. प्रत्येक वरच्या टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा जास्त असतो. शिवाय वापर कितीही असला तरी दरमहा स्थिर आकार भरावा लागतो, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क लागते. त्यामुळे एका युनिटचा खरा सरासरी खर्च दरपत्रकात सापडत नाही. त्यासाठी चालू महिन्याच्या एकूण आकारणीला युनिटच्या संख्येने भागावे लागते. मागील थकबाकी मात्र त्या आकारणीत धरायची नाही.

हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या टप्प्यात 6 रुपये, दुसऱ्यात 12 आणि तिसऱ्यात 16 रुपये, तर स्थिर आकार 130 रुपये धरला. इंधन समायोजन आकार शून्य मानला. 300 युनिट वापरणाऱ्या घराचे पहिल्या 100 युनिटचे 600 आणि पुढच्या 200 चे 2,400 रुपये होतात. त्यात स्थिर आकार मिळवला की 3,130 आणि वीज शुल्कासह 3,630.80 रुपये. म्हणजे सरासरी 12 रुपये 10 पैसे.

301 वे युनिट जळले की सगळे बिल वरच्या दराने लागते, हा समज चुकीचा आहे. वरचा दर फक्त त्या पुढच्या युनिटला लागतो. शुल्कासह बिल 18 रुपये 56 पैशांनीच वाढते आणि सरासरी 12 रुपये 12 पैसे होते.

कमी वापर म्हणजे स्वस्त युनिट, असेही नाही. बंद घरात 20 युनिट जळली, तर बिल 290 रुपये येते आणि युनिट साडेचौदा रुपयांना पडते, कारण स्थिर आकार थोड्याच युनिटांवर वाटला जातो. वापर वाढतो तशी सरासरी उतरते, 100 युनिटला 8 रुपये 47 पैशांवर येते आणि तिथून पुन्हा चढू लागते.

बचतीचा हिशेब मात्र सरासरीने करता येत नाही. 320 युनिट वापरणाऱ्या घराची सरासरी साडेबारा रुपये आहे. त्या घराने 20 युनिट वाचवली, तर सरासरीप्रमाणे 250 रुपये वाचतील असे वाटते. पण वाचलेली युनिट सर्वांत महाग टप्प्यातली असल्याने प्रत्यक्षात 371 रुपये वाचतात.

टप्पे महिन्याचे असल्याने दोन महिन्यांचे बिल एकत्र आल्यास त्यांच्या मर्यादाही दुप्पट व्हायला हव्यात. 400 युनिटच्या अशा बिलात 200 युनिट पहिल्या दराने लागलेली दिसली पाहिजेत. तिथे 100 च दिसली, तर आकारणी चुकली आहे.