हिवतापाचे उद्दिष्ट आणि त्याचे माप

सरकारी खात्यांच्या भिंतींवर 'सर्वांसाठी आरोग्य' अशा धर्तीची ध्येयवाक्ये पुष्कळ आढळतात. त्यांच्याशी कोणाचा वाद नसतो, आणि वाद होऊच शकत नाही हाच त्यांचा दोष होय. वर्षअखेरीस ते ध्येय साधले की हुकले, हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्या शब्दांत नसते.

भारत सरकारने २०१६ साली हिवताप-निर्मूलनाचा जो राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला, त्यातील उद्दिष्टांची घडण निराळी आहे. २०२४ पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात दर हजार वस्तीमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, आणि २०३० पर्यंत देशभर स्थानिक रुग्ण शून्य. काय, किती, कोठे आणि केव्हा, या चारही प्रश्नांची उत्तरे तेथे मिळतात.

हे माप गावापर्यंत कसे उतरते, ते गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा येथे पाहता येईल. गाव रानाने वेढलेले असून छत्तीसगडची सीमा तेथून जवळच आहे. आदिवासी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे वीस हजार वस्ती धरण्याचा संकेत आहे. उदाहरणापुरती तेवढीच वस्ती धरली, तर 'हजारी एकाहून कमी' म्हणजे वर्षाला वीसपेक्षा कमी रुग्ण. आता समजा, वर्षभरात बाराच रुग्ण आढळले. प्रमाण हजारी ०.६ आले आणि उद्दिष्ट साधले, असे कोणीही म्हणेल.

परंतु रक्त किती जणांचे तपासले? वर्षाला वस्तीच्या निदान दहा टक्के लोकांचे रक्त तपासावे, असा या कामातील जुना दंडक आहे. येथे ते नमुने दोन हजार होतात. प्रत्यक्षात पाचशेच तपासले असतील, तर प्रमाण अडीच टक्के भरते, आणि ते बारा रुग्ण रोग हटल्याची नव्हे, शोध थंडावल्याची साक्ष असू शकतात. पावसाळ्यात वाट बंद झालेला टोला हिशेबातून असाच निसटतो. म्हणून केंद्राने आपले ध्येय लिहावयाचे झाल्यास दोन्ही आकडे एकाच वाक्यात यावेत: 'यंदा प्रत्येक टोल्यातून मिळून किमान दोन हजार नमुने तपासू, आणि रुग्ण वीसच्या आत ठेवू.'

या मापालाही मर्यादा आहे. तीन हजार वस्तीच्या उपकेंद्रात एकाच घरातील चौघे आजारी पडले, की प्रमाण हजारी १.३ वर जाते. तेवढ्यावरून तेथील आरोग्यसेवकास दोष देणे अन्यायाचे होय. अशा ठिकाणी प्रमाणापेक्षा प्रत्येक रुग्णाची चौकशी अधिक उपयोगाची: ताप येण्यापूर्वीचे पंधरा-वीस दिवस तो कोठे होता, सीमेपलीकडे मजुरीस गेला होता काय? कारण २०३० च्या उद्दिष्टातील 'स्थानिक' हा शब्द शोभेचा नाही. बाहेरून रोग घेऊन आलेला माणूस त्या शून्यात धरावयाचा नाही. त्याच्यापासून गावातल्या डासांमार्फत थेट शेजाऱ्यास लागण झाल्याचे सिद्ध झाले, तर तो शेजारीही 'स्थानिक' ठरत नाही; त्या शेजाऱ्यापासून पुढे लागण झाली, तर मात्र तो रुग्ण धरावा लागतो.