बोर्डात टॉपर, प्रवेश परीक्षेत मागे: कॉलेजमध्ये असं चित्र का दिसतं?

‘बोर्डात ९५ टक्के मिळवणारी मुलं प्रवेश परीक्षेत मार खातात आणि प्रवेश परीक्षेत चमकणाऱ्यांचे बोर्डाचे मार्क बेताचेच असतात.’ अशा पोस्ट निकालाच्या दिवसांत हमखास फिरतात. खाली कॉमेंटमध्ये कुणी घोकंपट्टीला नावं ठेवतं, कुणी क्लासेसना. एखाद्या चांगल्या कॉलेजच्या वर्गात प्रत्यक्ष आकडे मांडले, तर ही गोष्ट खरीही दिसू शकते. बोर्डाचे गुण जितके जास्त, तितके प्रवेश परीक्षेचे गुण कमी.

पण त्या वर्गात जे दिसतं ते कॉलेजच्या दारातच तयार झालेलं असू शकतं. मुलांच्या हुशारीशी, घोकंपट्टीशी किंवा क्लासशी त्याचा काही संबंध असेलच असं नाही.

दोन्ही गुण एकत्र मोजणारा नियम

आपल्याकडे असा नियम प्रत्यक्षात होता. २०१३ ते २०१६ या काळात एनआयटीसारख्या संस्थांच्या प्रवेशासाठी जी गुणवत्ता यादी बनायची, तिच्यात जेईई मेनला ६० टक्के आणि बारावीच्या बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण आधी एका मापावर आणले जात आणि मग दोन्हींची बेरीज होई. २०१७ पासून बोर्डाचं हे वजन काढून टाकण्यात आलं.

अशा बेरजेच्या नियमातून काय घडतं, हे पाहण्यासाठी एक छोटं काल्पनिक कॉलेज घेऊ. हिशेब सोपा राहावा म्हणून दोन्ही गुणांना सारखंच वजन देऊ.

३६ मुलं, १० जागा

समजा ३६ मुलांनी अर्ज केला. प्रत्येकाला बोर्डासाठी १ ते ६ पैकी एक गुण आहे आणि प्रवेश परीक्षेसाठीही १ ते ६ पैकी एक. दोन फासे टाकल्यावर जितक्या जोड्या पडू शकतात, त्या प्रत्येक जोडीचा एक मुलगा किंवा मुलगी इथे आहे. म्हणजे या ३६ जणांत बोर्ड आणि प्रवेश परीक्षा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. बोर्डात १ असलेल्या सहा जणांची प्रवेश परीक्षेतली सरासरी ३.५ येते आणि बोर्डात ६ असलेल्यांचीही ३.५च.

आता कॉलेजचा नियम असा: दोन्ही गुणांची बेरीज ९ किंवा जास्त असेल तरच प्रवेश. या नियमात बरोबर १० मुलं बसतात. बोर्डात १ किंवा २ असलेलं कुणीच आत येत नाही, कारण प्रवेश परीक्षेत ६ मिळाले तरी बेरीज ९ होत नाही. आत आलेल्यांची प्रवेश परीक्षेतली सरासरी बोर्डाच्या गुणांप्रमाणे अशी दिसते:

- बोर्डात ३: सरासरी ६
- बोर्डात ४: सरासरी ५.५
- बोर्डात ५: सरासरी ५
- बोर्डात ६: सरासरी ४.५

बोर्डाचा गुण एकाने वाढला की प्रवेश परीक्षेची सरासरी अर्ध्याने घसरते. बाहेर ज्या दोन गोष्टींचा काडीचा संबंध नव्हता, त्या वर्गात एकमेकींच्या विरुद्ध वागताना दिसतात.

कारण साधं आहे. बोर्डात ३ असलेल्याला आत यायचं तर प्रवेश परीक्षेत ६च हवेत. बोर्डात ६ असलेल्याला मात्र तिथे ३ मिळाले तरी चालतात. एका बाजूचं कमी दुसरीकडून भरून काढावंच लागतं. ज्यांना ते भरून काढता आलं नाही, ती २६ मुलं बाहेर राहिली आणि वर्गाचा तक्ता बनवणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

खरा संबंध उलटा असला तरी?

इथे कुणी म्हणेल की प्रत्यक्षात एका परीक्षेत हुशार असणारी मुलं बहुधा दुसरीतही हुशार असतात. बरोबर आहे. म्हणून दोन्हीकडे सारखेच गुण असलेली सहा मुलं आणखी वाढवू: १ आणि १, २ आणि २, असं ६ आणि ६ पर्यंत. आता अर्जदार ४२ झाले आणि त्यांच्यात सौम्य का होईना, पण सरळ संबंध आला. बोर्डात १ असलेल्यांची प्रवेश परीक्षेतली सरासरी सुमारे ३.१ आणि बोर्डात ६ असलेल्यांची सुमारे ३.९.

नियम तोच ठेवला तर १२ मुलं आत येतात. त्यांच्यात बोर्डात ३ असलेल्याची सरासरी ६, पुढे ५.५, मग ५ आणि बोर्डात ६ असलेल्यांची ४.८. म्हणजे सगळ्या अर्जदारांत हात धरून चालणारे गुण प्रवेश मिळालेल्यांत पाठ फिरवून उभे राहिले. बाहेरचा संबंध फारच घट्ट असता किंवा चाळणी सैल असती, तर असा उलटा कल दिसलाही नसता. तो किती दिसेल हे या दोन गोष्टींवर ठरतं.

चूक महागात कुठे पडते?

सोशल मीडियावरच्या वादापुरतं हे राहिलं असतं तर फार बिघडलं नसतं. पण कॉलेजंही आपले नियम तपासायला आत आलेल्या मुलांचेच आकडे घेतात, कारण पहिल्या वर्षाचा निकाल त्यांचाच असतो.

पहिल्या ३६ मुलांकडे परत जाऊ. समजा पहिल्या वर्षाच्या अभ्यासात बोर्डाची तयारी खरोखर उपयोगी पडते, आणि प्रवेश परीक्षेची तयारी तिच्या दुप्पट. म्हणजे पहिल्या वर्षाचे गुण काढायचे तर बोर्डाचा गुण घ्यायचा आणि त्यात प्रवेश परीक्षेच्या गुणाची दुप्पट मिळवायची. आत आलेल्या १० जणांत बोर्डात ३ असलेल्याचे होतात ३ अधिक १२, म्हणजे १५. बोर्डात ४ असलेल्यांची सरासरी ४ अधिक ११, पुन्हा १५. बोर्डात ५ असलेल्यांची १५. बोर्डात ६ असलेल्यांचीही १५.

तक्ता पाहणारा अधिकारी काय म्हणेल? ‘बोर्डात ३ असो की ६, पहिल्या वर्षी सगळे सारखेच. मग बोर्डाचे गुण हवेतच कशाला?’ प्रत्यक्षात बोर्डाचा प्रत्येक गुण मदत करतोय. फक्त जास्त बोर्ड गुणांची मुलं दारातून येतानाच प्रवेश परीक्षेत थोडी मागे असतात, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींना पुसून टाकतात.

आता त्याने खरंच नियम बदलला आणि १० जागा फक्त प्रवेश परीक्षेवर भरल्या असं धरू. प्रवेश परीक्षेत ६ असलेले सहाही जण येतील आणि ५ असलेल्या सहांमधून चिठ्ठी काढून चार. या १० जणांची पहिल्या वर्षाची सरासरी साधारण १४.७ येईल. आधीची १५ होती. निरुपयोगी ठरवलेला गुण काढला आणि निकाल खाली आला.

हे ओळखायचं कसं?

आतल्या आकड्यांवरूनही शहानिशा करता येते. त्यासाठी एक गुण स्थिर ठेवून दुसरा पाहायचा. वरच्या १० जणांतले प्रवेश परीक्षेत ५ मिळालेले तिघेच घेतले, तर त्यांचे बोर्डाचे गुण ४, ५, ६ आहेत आणि पहिल्या वर्षाचे गुण १४, १५, १६. प्रवेश परीक्षेत ६ मिळालेले चौघे घेतले तर १५, १६, १७, १८. बोर्डाचा हरवलेला परिणाम लगेच समोर येतो.

दुसरं म्हणजे चाळणीचा प्रकार पाहायचा. प्रवेश फक्त एकाच गुणावर झाला असेल, तर दुसऱ्या गुणाशी असा खोटा उलटा संबंध तयार होत नाही. ‘दोन्हीकडे किमान ४ हवेत’ असा नियम असेल, तरीही नाही. वरच्या ३६ मुलांत या नियमाने ९ जण आत येतात आणि त्यांच्यात बोर्ड कितीही असलं तरी प्रवेश परीक्षेची सरासरी ५च राहते. घोळ होतो तो एकीकडची कमतरता दुसरीकडून भरून काढता येते तेव्हा: बेरजेच्या नियमात, किंवा ‘हे नाहीतर ते’ अशा नियमात.

हॉस्पिटलच्या दारातही हेच

‘हे नाहीतर ते’ या प्रकारावर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ साली बोट ठेवलं. त्यांचं उदाहरण होतं मधुमेह आणि पित्ताशयाची सूज. हॉस्पिटलच्या नोंदी पाहून दोन आजारांचा संबंध ठरवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. कारण हॉस्पिटलमध्ये माणूस कुठल्या तरी कारणाने आलेला असतो. तिथल्या ज्या रुग्णाला मधुमेह नाही, त्याला दुसरं काहीतरी असणारच, नाहीतर तो घरीच असता. त्यामुळे दाखल झालेल्यांत दोन आजारांचं नातं बाहेरच्या लोकांपेक्षा वेगळंच दिसू शकतं. या प्रकाराला आज बर्कसनचा विरोधाभास म्हणतात.

याचा अर्थ निवडलेल्या गटातला प्रत्येक उलटा संबंध खोटाच असतो असा नाही. दोन गोष्टी बाहेरही एकमेकींच्या विरुद्ध असतील, तर आतही तशा दिसतीलच. फक्त आतल्या तक्त्यावरून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत.

म्हणून ‘टॉपर मुलं अमुक गोष्टीत कच्ची असतात’ अशी पोस्ट पुढे आली, की आधी दोन गोष्टी विचारायच्या. हे आकडे सगळ्या अर्जदारांचे आहेत की फक्त प्रवेश मिळालेल्यांचे? आणि ज्या दोन गोष्टींची तुलना चालली आहे, त्याच पाहून प्रवेश दिला होता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांचेही गुण मागवायला हवेत. वरच्या उदाहरणात ती २६ मुलं तक्त्यात परत घातली, की बोर्ड आणि प्रवेश परीक्षा यांचं भांडण तिथेच संपतं.