पत्ता नवा, क्रमांक तोच

पुण्यातल्या सदाशिव पेठेतून बाणेरला कार्यालय हलवणाऱ्या कर सल्लागाराच्या पत्रात नवा पत्ता आणि तारीख असतेच. पण ग्राहकाच्या हिशेबनिसाला खरा प्रश्न पडतो तो बिलाचा: जीएसटी क्रमांक बदलणार का?

स्थलांतर राज्यातल्या राज्यात असेल तर बदलत नाही. या पंधरा अंकाक्षरी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अंकाक्षरे पॅनची. दोन्ही तीच राहतात. मात्र नोंदणीतला पत्ता बदलण्यासाठी 15 दिवसांत पोर्टलवर अर्ज करावा लागतो. हेच कार्यालय पणजीला गेले, तर गोव्याचा 30 ने सुरू होणारा नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि ‘काहीही बदललेले नाही’ हे वाक्य खोटे ठरते.

बँक खात्याचा उल्लेख मात्र पत्रात हवाच, कारण भामटे नेमकी हीच संधी साधतात. खऱ्या पत्रापाठोपाठ मिळत्याजुळत्या ईमेलवरून ‘पत्त्यासोबत खातेही बदलले’ असा निरोप येतो आणि पैसे भलतीकडे जातात. म्हणून ‘आमचे खाते पूर्वीचेच आहे, बदलाचा निरोप आल्यास जुन्या दूरध्वनी क्रमांकावर विचारून घ्यावे’ असे स्पष्ट लिहावे. खाते क्रमांक पुन्हा छापू नये. तो ग्राहकाकडे असतोच, आणि पत्रातला क्रमांक खरा मानायची सवय लागणे घातक. जुना दूरध्वनी बंद होणार असेल, तर ही सूचना स्थलांतराआधीच गेली पाहिजे.