नव्या फोनवरचा पहिला खेळ: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्या अँड्रॉइड फोनवर पहिला खेळ घेताना होणाऱ्या चुका वरवर वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच असते. तीन स्वतंत्र गोष्टी एकच मानल्या जातात: ज्या दुकानातून खेळ येतो त्या प्ले स्टोअरचे खाते, खेळाच्या आत खेळाडूचे म्हणून असलेले खाते, आणि फोनच्या साठवणीत प्रत्यक्ष बसलेली खेळाची प्रत. उदाहरणासाठी ‘लुडो किंग’ हा खेळ घेता येईल. नवी मुंबईच्या गेमशन या कंपनीने तो 2016 मध्ये आणला, त्याचे नियम घरोघरी ठाऊक आहेत आणि वरील तिन्ही गोष्टी त्यात स्पष्टपणे वेगळ्या दिसतात.

पहिला गैरसमज दुकानाच्या खात्याविषयी आहे. फोनमध्ये सिमकार्ड घातले म्हणजे खाते तयार झाले, अशी काहींची समजूत असते, तर खाते उघडण्यासाठी बँकेचे कार्ड द्यावेच लागते, अशी इतरांची. प्रत्यक्षात प्ले स्टोअरचे खाते म्हणजे गूगलचे खाते होय, त्याची ओळख जीमेलच्या पत्त्याने होते आणि सिम बदलले तरी ते बदलत नाही. खाते जोडल्यावर पैसे भरण्याचे साधन नोंदवण्याविषयी विचारणारा पडदा येऊ शकतो, परंतु त्यावरील `Skip` हा पर्याय निवडून पुढे जाता येते आणि विनामूल्य खेळ घेण्यासाठी कार्ड किंवा यूपीआय यांपैकी काहीही जोडण्याची गरज नसते.

कार्डापेक्षा अधिक महत्त्वाची असलेली एक बाब मात्र दुर्लक्षित राहते. फोन विकत घेतानाच दुकानदाराकडून खाते ‘काढून’ घेण्याची पद्धत सर्रास आढळते, आणि अशा वेळी पासवर्ड व खाते परत मिळवण्यासाठीचा क्रमांक हे दोन्ही ग्राहकाला माहीत नसण्याची शक्यता असते. अँड्रॉइडच्या 5.1 या आवृत्तीपासून फोनला एक संरक्षण मिळालेले आहे: फोन रिकव्हरीतून पूर्णपणे पुसला गेला, तर पुन्हा सुरू होताना तो आधीच्याच गूगल खात्याचा पासवर्ड किंवा पूर्वीचे पडद्याचे कुलूप मागतो. चोराला अडवण्यासाठी केलेली ही सोय पासवर्ड ठाऊक नसलेल्या मालकालाही तितकीच अडवते. म्हणून खाते स्वतःच्या हाताने उघडावे, पत्ता आणि पासवर्ड कागदावर लिहून सुरक्षित ठेवावा आणि परतीचा क्रमांक स्वतःचाच द्यावा.

खाते झाल्यावर स्टोअरमध्ये खेळाचे नाव शोधले असता सर्वांत वर दिसणारा खेळ हाच आपल्याला हवा असलेला खेळ, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. वरची जागा पुष्कळदा जाहिरातीची असते, आणि प्रसिद्ध खेळाच्या नावाशी व चित्राशी मिळतीजुळती नावे-चित्रे असलेले दुसरे खेळही यादीत असतात. खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे: खेळाच्या नावाखाली त्याच्या निर्मात्याचे नाव दिलेले असते, आणि लुडो किंगच्या बाबतीत तेथे Gametion असे दिसावयास हवे. त्याच ठिकाणी `Contains ads` आणि `In-app purchases` अशा दोन नोंदी असतात, ज्यांचा अर्थ अनुक्रमे ‘यात जाहिराती आहेत’ आणि ‘खेळाच्या आत विकत घेण्याच्या वस्तू आहेत’ असा होतो. खेळ फुकट आहे म्हणजे त्यात पैसे जाऊच शकत नाहीत, हा समज या दुसऱ्या नोंदीमुळे चुकीचा ठरतो. पैसे भरण्याचे साधन जोडलेले असेल, तर खेळातील नाणी खऱ्या रुपयांनी विकत घेतली जाऊ शकतात, आणि फोन मुलांच्या हाती जाणार असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची व्यवस्था आधीच चालू करणे हिताचे असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यातून थेट उतरवली जाणारी फाइल ही स्टोअरमधील खेळाचीच दुसरी प्रत असते, असे मानणे सर्वाधिक धोक्याचे आहे. अशी फाइल घेताना फोन ‘अज्ञात स्रोतातून’ बसवण्याची परवानगी मागतो, आणि ती परवानगी मागितली जाणे हाच थांबण्याचा इशारा समजावा. रोख बक्षिसाचे आमिष दाखवणारे लुडोचे खेळ अनेकदा याच वाटेने पसरतात, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर तर भारतात 2025 च्या कायद्याने बंदी आहे.

यापुढील टप्प्यावर, म्हणजे `Install` हे बटण दाबल्यावर, नव्या फोनवर हमखास दिसणारा शब्द म्हणजे `Pending`, अर्थात ‘प्रतीक्षेत’. फोन बिघडला, इंटरनेट बंद पडले किंवा जागा संपली, असे अनेक निष्कर्ष यावरून काढले जातात, परंतु नव्या फोनच्या बाबतीत खरे कारण बहुधा वेगळे असते. कारखान्यातून निघताना फोनमध्ये जी अ‍ॅप्स बसवलेली असतात त्यांच्या आवृत्त्या फोन ग्राहकाच्या हाती येईपर्यंत जुन्या झालेल्या असतात, त्यामुळे खाते जोडताच स्टोअर त्या साऱ्यांना अद्ययावत करू लागते आणि मागाहून मागवलेला खेळ रांगेच्या शेवटी उभा राहतो. स्टोअरच्या उजव्या कोपऱ्यातील खात्याचे चित्र दाबून `Manage apps & device` येथे गेल्यास ही रांग दिसते, आणि तेथील इतर कामे तात्पुरती रद्द केल्यास खेळाला वाट मिळते. रद्द केलेली कामे नष्ट होत नाहीत, ती नंतर पुन्हा सुरू करता येतात.

खेळाच्या पानावर लिहिलेला आकार म्हणजे खेळाने व्यापलेली जागा, हाही एक समज आहे. तो आकड्यात उतरवून पाहिल्यास नीट कळतो. समजा, एखाद्या मोठ्या खेळाच्या पानावर 150 एमबी असा आकडा आहे. हा आकडा दुकानातून येणाऱ्या गाठोड्याचा असतो, आणि ते गाठोडे दाबून बांधलेले असल्यामुळे फोनवर सुटल्यानंतर त्याला अधिक जागा लागते. त्याखेरीज अनेक मोठे खेळ आपली चित्रे, आवाज आणि मैदाने पहिल्यांदा उघडल्यावर वेगळी मागवतात, त्यामुळे हाच खेळ दोन तासांनंतर 600 एमबी व्यापून बसला, तरी त्यात गैर काही घडलेले नसते. ज्यांच्या फोनला दिवसाला दीड जीबी इतकाच डेटा मिळतो त्यांच्या दृष्टीने दुसरे उतरवणे हेच खरे खर्चाचे असते, म्हणून खेळ बसवणे आणि तो प्रथम उघडणे ही दोन्ही कामे शक्यतो वायफायवरच करावीत. लुडोसारख्या साध्या खेळात हा फरक फार जाणवत नाही, तर शर्यतीच्या किंवा युद्धाच्या खेळांत तो मोठा असतो.

खेळ उघडल्यावर येणाऱ्या परवानग्यांविषयी थोडक्यात एवढेच सांगणे पुरेसे आहे की ‘नाही’ म्हटल्याने खेळ बंद पडतो, हा समज बहुतांशी निराधार आहे. मायक्रोफोन नाकारला तर सोबत्याशी बोलता येत नाही आणि सूचना नाकारल्या तर आठवण करून देणारे संदेश येत नाहीत, परंतु सोंगट्या चालतात, आणि नाकारलेली परवानगी फोनच्या सेटिंगमधून पुढे केव्हाही देता येते.

आता सर्वांत अधिक नुकसान करणारा गैरसमज विचारात घ्यावा लागेल. खेळ प्रथम उघडल्यावर ओळख देण्याचे पर्याय समोर येतात, त्यांत `Guest` म्हणजे ‘पाहुणा’ हा सर्वांत सोपा दिसतो, आणि फोनमध्ये गूगलचे खाते आधीच असल्यामुळे आपली प्रगती त्यात आपोआप साठत असेल, असे गृहीत धरले जाते. दुकानाच्या खात्याला मात्र एवढेच ठाऊक असते की या व्यक्तीने हा खेळ घेतला आहे. तिने किती डाव जिंकले आणि किती नाणी जमवली, याचा हिशेब खेळाकडे असतो, आणि पाहुण्याच्या बाबतीत त्या हिशेबाला फोनवरील प्रतीखेरीज दुसरा भरवशाचा आधार नसतो. अँड्रॉइड काही अ‍ॅप्सची थोडी माहिती गूगलकडे राखून ठेवते हे खरे, परंतु त्यासाठी अ‍ॅपला 25 एमबीची मर्यादा असते आणि निर्मात्याने ती सोय बंद ठेवलेली असू शकते, म्हणून तिच्यावर विसंबून राहणे योग्य नाही. परिणामी तीन महिने पाहुणा म्हणून खेळलेल्या व्यक्तीने जागा कमी पडते म्हणून खेळ काढून टाकला आणि आठवड्याने पुन्हा बसवला, तर स्टोअर तिला तत्काळ ओळखते, खेळ मात्र नवखा खेळाडू समजून पहिल्यापासून सुरुवात करतो. खेळाच्या सेटिंगमध्ये खाते जोडण्याची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी वापरावी. केवळ घरातल्यांशी एकाच फोनवर आळीपाळीने खेळणाऱ्याला मात्र पाहुणा राहिल्याने काहीच गमवावे लागत नाही.

याच गोंधळातून पहिल्या अपडेटची भीती जन्मते. अपडेट म्हणजे सुधारित आवृत्ती, आणि ती घेतल्यास जमवलेले सारे पुसले जाईल, या भीतीने अनेक जण ती टाळतात. अपडेटमध्ये बदलतो तो खेळाचा कार्यक्रम, आणि खेळाडूची माहिती वेगळ्या कप्प्यात असल्यामुळे ती जागच्या जागी राहते. संपूर्ण फोन पुसणे सोडल्यास ती पुसणाऱ्या क्रिया दोनच आहेत, खेळ काढून टाकणे आणि फोनच्या सेटिंगमधील `Clear data` किंवा `Clear storage`, तर त्यांच्या शेजारीच असलेली `Clear cache` ही क्रिया केवळ तात्पुरत्या फाइली काढते. दर अपडेटला संपूर्ण खेळ पुन्हा उतरतो, हेही खरे नाही, कारण स्टोअर सहसा जुन्या व नव्या प्रतींमधील फरक तेवढा पाठवते.

अपडेट खऱ्या निर्मात्याकडूनच आले आहे, हे फोनला कसे कळते, हे समजून घेणे उद्बोधक आहे. प्रत्येक अ‍ॅपवर एक गणिती स्वाक्षरी असते, आणि फोनवरील प्रतीची स्वाक्षरी नव्या आवृत्तीशी जुळली तरच अँड्रॉइड जुनी प्रत बदलू देते. बाहेरून आणलेली फेरफार केलेली प्रत आधीच्या खेळावर बसत नाही आणि `App not installed` असा संदेश येतो, त्याचे एक नेहमीचे कारण हेच असते. अशा वेळी ‘आधीचा खेळ काढा, मग हा बसवा’ असा सल्ला मिळाला, तर त्याचा अर्थ संरक्षण आणि प्रगती दोन्ही एकदम सोडून देणे, असा होतो.

मित्राच्या फोनवर नवी आवृत्ती आली आणि आपल्या फोनवर आली नाही, यातही काळजीचे कारण नसते, कारण निर्माते पुष्कळदा नवी आवृत्ती आधी थोड्या वापरकर्त्यांना आणि दोष न आढळल्यास मग सर्वांना देतात. `Update` हे बटण दिसत नसेल तर काही दिवस थांबावे, त्यासाठी खेळ काढून पुन्हा बसवू नये, आणि तसे करणे अगदीच भाग पडले, तर त्यापूर्वी खेळाच्या सेटिंगमध्ये आपले नाव पाहुणा म्हणून आहे की खात्याशी जोडलेले आहे, हे उघडून पाहावे.