बोरिंग तलावात कसे गेले?

रायपूरच्या आसपासच्या गावांत तलावाला तरिया म्हणतात, ओढ्याला नरवा आणि हातपंपाला बोरिंग. तरुणांनी मोबाईलवर गावातल्या पाण्याचा नकाशा करायचा तर सकाळी ७ ते १० एवढा वेळ पुरतो. पहिला अर्धा तास मोबाईल खिशातच असू द्यावा. चौकात खडूने गाव काढावे आणि पाणी भरणाऱ्या बायांना एकेक जागा विचारत जावे. बुजलेली विहीर बहुधा त्यांनाच आठवते.

गैरसमज : नेटवर्क नसेल तर नकाशा होत नाही.
जागा उपग्रहांच्या संदेशांवरून ठरते, टॉवर लागत नाही. कोबोकलेक्टसारख्या ॲपमध्ये फॉर्म आदल्या दिवशी उतरवून ठेवला की नोंदी मोबाईलमध्ये साठतात, रेंज आल्यावर पाठवता येतात. फक्त डेटा बंद असताना पहिली जागा मिळायला काही मिनिटे लागू शकतात.

गैरसमज : ठिपका दिसला, म्हणजे जागा बरोबर.
हा सराव ७.३० ते ८.१०. पाच जणांनी एकाच बोरिंगपाशी उभे राहून नोंद घ्यावी, मग वडाखाली जाऊन पुन्हा. उघड्यावर साधारण ५ मीटरचा फरक येतो, दाट झाडाखाली तो १० मीटरच्या पुढे जातो. तरियाच्या काठावरचे बोरिंग नकाशात पाण्यात पडते ते यामुळेच. म्हणून ॲपमधला अचूकतेचा आकडा ५ मीटरवर येईपर्यंत थांबावे, तोवर ‘सेव्ह’ दाबू नये. अक्षांश-रेखांश हाताने लिहायचे असतील तर दशांशानंतरचे पाच अंक लिहावेत. दोनच लिहिले तर जागा किलोमीटरभर सरकू शकते. दोघांची अदलाबदल मात्र लगेच ओळखू येते. रायपूर साधारण २१.२५ उत्तर, ८१.६३ पूर्व आहे. आकडे उलटे पडले की ठिपका थेट आर्क्टिक समुद्रात जातो.

गैरसमज : विहिरीवर ठिपका ठेवला की काम संपले.
८.१० ते ९.३० या फेरीत मुख्य काम पाणी मोजण्याचे. मीटरच्या खुणा केलेल्या दोराला वजन बांधून तो कठड्यावरून सोडावा. समजा, पाण्यापर्यंत ७.४ मीटर दोर लागला आणि कठडा जमिनीपासून ०.९ मीटर उंच आहे. तर पाणी जमिनीखाली ६.५ मीटरवर आहे. कठडा वजा करायचा राहिला की शेजारच्या दोन विहिरींची तुलनाच चुकते. विहिरीवर वाकताना दोघे जण हवेतच, आणि पाणी कोणत्या महिन्यात आटते हेही तिथेच विचारून घ्यावे.

शेवटच्या अर्ध्या तासात खडूचा नकाशा आणि मोबाईलचा नकाशा शेजारी ठेवून राहिलेल्या जागा शोधाव्यात.

केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाच्या ‘जलदूत’ ॲपमध्ये गावातल्या निवडक विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर, असे वर्षातून दोनदा मोजून नोंदवतात. तुम्हीही पहिली फेरी मे महिन्यात काढा, दुसरी ऑक्टोबरमध्ये. आणि दोन्ही वेळा दोर कठड्याच्या त्याच खुणेवरून सोडा.