मिनिटाला एक थेंब

गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात 9 आणि 10 जुलै 2024 रोजी पाणी आणि चिखल शिरला आणि कोकण रेल्वेच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. हा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण खोदताना त्याने इंजिनिअरांना फार छळलं होतं. कठीण सह्याद्री फोडणाऱ्यांना इथे मऊ, ओल्या, सारख्या ढासळणाऱ्या मातीने रडवलं. सगळा मार्ग खुला व्हायला 26 जानेवारी 1998 उजाडला, त्यात या बोगद्याचा वाटा मोठा.

पेडणे-डिचोलीच्या पठारांवर वर चिऱ्याचा थर असतो, भोकाभोकांचा. त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी पांढुरकी, गुलाबी झाक असलेली मऊ माती लागते. तिला भूवैज्ञानिक लिथोमार्ज म्हणतात. चिरा पावसाचं पाणी घटाघटा पितो, खालची माती ते थेंबाथेंबाने सोडते. मग वरून आलेलं पाणी मधेच तुंबतं, माती सैल होते. पण 'पटकन' आणि 'हळूहळू' यांवर बोगद्याचा आराखडा होत नाही, आकडा लागतो.

तो काढायची वाट 1856 साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या आपल्या ग्रंथात आंरी दार्सी यांनी दाखवली. वाळूतून पाणी किती वेगाने जाईल, हे पाण्याच्या दाबाच्या उतारावर आणि वाळूच्या स्वतःच्या एका गुणावर ठरतं. तो गुण म्हणजे पारगम्यता, k.

नदीच्या वाळूसाठी प्रयोग सोपा. 10 सेंटिमीटर व्यासाच्या, 12.73 सेंटिमीटर उंच साच्यात वाळू भरायची, वर-खाली सच्छिद्र चकत्या लावायच्या. वरच्या टाकीतलं जादा पाणी सतत सांडू द्यायचं, म्हणजे पातळी हलत नाही. हीच कॉन्स्टंट हेड चाचणी. समजा पातळीतला फरक 30 सेंटिमीटर आहे आणि मिनिटात खाली 330 मिलिलिटर पाणी जमलं:

k = QL / (Aht) = 330 × 12.73 / (78.54 × 30 × 60) ≈ 0.03 सेंमी/सेकंद

आता त्याच साच्यात चिकण माती भरा. तिचा k, धरा, 0.000005 असेल, तर त्याच दाबाखाली मिनिटाला सुमारे 0.055 मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब पाणी पडेल. ते मोजायला भांडं धरलं तर त्यातलं किती हवेत उडालं आणि किती काचेला चिकटलं, तेच कळणार नाही.

इथे जी युक्ती आहे ती मला फार आवडते. खाली पडलेलं पाणी मोजायचंच नाही. वर एक बारीक काचेची नळी उभी करायची आणि तिच्यातली पातळी उतरताना बघायची. नळीचं छेदफळ 1 चौरस सेंटिमीटर असेल, तर एक मिलिलिटर पाणी गेलं की पातळी चक्क एक सेंटिमीटर उतरते. न दिसणारी गळती पट्टीवर वाचता येते! फॉलिंग हेड चाचणी ती हीच. पातळी 100 वरून 80 सेंटिमीटरवर यायला दोन तास, म्हणजे 7200 सेकंद लागले, असं धरू:

k = 2.303 (aL / At) log₁₀(h₁/h₂) ≈ 0.000005 सेंमी/सेकंद

वाळूपेक्षा सहा हजार पट कमी!

पातळी उतरते तसा दाब कमी होतो, म्हणून वेगही मंदावतो. सूत्रात वजाबाकी न येता लॉगॅरिदम येतो तो याचमुळे. आणि त्यातच चाचणी तपासायची सोय आहे. 100 ते 80 ला जेवढा वेळ, तेवढाच 80 ते 64 ला लागला पाहिजे, कारण गुणोत्तर तेच. वेळ वाढला तर नमुन्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असू शकतात. पाणी त्यांना वळसा घालतं आणि k खोटाच कमी येतो. म्हणून माती आधी पूर्ण भिजवून, हवा काढलेलं पाणीच वापरतात. उलट k अचानक मोठा आला तर पाणी मातीतून न जाता साच्याच्या कडेने निसटतंय का, ते पाहावं. पाण्याचं तापमानही लिहून ठेवतात, कारण 20 अंशांपेक्षा 27 अंशांचं पाणी सुमारे 15 टक्के पातळ असतं.

चिऱ्याच्या बाबतीत मात्र ही साधनं तोकडी पडतात. त्याच्या लांबलचक वेड्यावाकड्या नळ्या आणि भेगा दहा सेंटिमीटरच्या नमुन्यात मावतच नाहीत. डिचोली तालुक्यात जमिनीखालच्या भुकटीसारख्या लोहखनिजाच्या थरातही भरपूर पाणी असतं. शिरगावसारख्या गावी खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्या, तेव्हा प्रश्न एका साच्याएवढ्या मातीचा नव्हता, सगळ्या परिसराच्या विहिरींचा होता. अशा ठिकाणी विहिरीतून पाणी उपसून आजूबाजूची पातळी किती उतरते, हे जागेवर जाऊनच बघावं लागतं. प्रयोगशाळेतला आकडा चिकण मातीपुरता भरवशाचा, चिऱ्यापुरता नाही.